हातात लोअर, पायात अप्पर: मानेतल्या दाबाची एक केस हॅमरने कशी उलगडायची

समजा, शिंपीकाम करणारे ५८ वर्षांचे काका ओपीडीत आले आहेत. मधुमेह १२ वर्षांचा, मेटफॉर्मिन चालू. तक्रार एवढीच, की चार महिन्यांपासून पाय जड झालेत आणि चालताना उजव्या पायातली चप्पल कधी निसटते ते कळत नाही. हातात कमरेच्या एमआरआयची फिल्म आहे, त्यावर एल-४ आणि एल-५ मधली चकती थोडी सरकल्याचं लिहिलंय, आणि कमरेला पट्टा बांधलेला आहे. हातांबद्दल मुद्दाम विचारलं तेव्हा सांगतात की आठ महिन्यांपासून काज करताना सुई बोटांतून सुटते. ते मात्र त्यांनी वयावर ढकललं होतं.

अप्पर मोटर न्यूरॉन (पुढे यूएमएन) आणि लोअर मोटर न्यूरॉन (एलएमएन) यांचा तक्ता सगळ्यांना पाठ असतो. एकात रिफ्लेक्स वाढतात, दुसऱ्यात जातात. एकात टोन वाढतो, दुसऱ्यात उतरतो. पण या काकांच्या अंगावर तक्त्याचे दोन्ही रकाने एकाच वेळी सापडतात, आणि नवख्याची गाडी तिथेच अडते. म्हणून हीच केस घेऊ.

आधी तार कुठून कुठे जाते ते

मेंदूच्या बाह्यावरणातून निघून मज्जारज्जूतल्या पुढच्या शिंगापर्यंत येतो तो यूएमएन. पुढच्या शिंगातल्या पेशीपासून नर्व्ह रूट आणि नर्व्हमधून थेट स्नायूपर्यंत जातो तो एलएमएन. रिफ्लेक्सच्या दृष्टीने एवढं लक्षात ठेवा: टेंडनवर हॅमर पडला की स्नायू क्षणभर ताणला जातो, तो ताण संवेदी तंतूंवरून मज्जारज्जूत जातो आणि तिथल्या तिथे एलएमएन पेटून स्नायू आखडतो. हा फेरा मेंदूपर्यंत जात नाही. मेंदूकडून येणारे मार्ग त्याला लगाम घालून असतात.

लगाम तुटला की फेरा मोकाट सुटतो आणि जर्क जोरात येतो. फेराच तुटला की जर्क येत नाही. इथे एक फाटा ध्यानात असू द्या: फेऱ्याची जाणारी बाजू, म्हणजे संवेदी तंतू तुटले तरी जर्क जातो, आणि पॉवर मात्र शाबूत राहू शकते. म्हणजे जर्क गेला म्हणून एलएमएन गेला असं थेट लिहायचं नाही. काकांच्या घोट्याकडे जाऊ तेव्हा याचा उपयोग होईल.

पायरी १: हात लावण्याआधी पाहा

शर्ट काढायला सांगा, पँट गुडघ्यावर. कपड्यांवरून तपासलेली न्यूरोची केस तपासलेली नसते. उजेडात दोन्ही दंड, कोपराखालचे हात, अंगठ्याचे उंचवटे, मांड्या, पोटऱ्या यांची तुलना करा. स्नायू रोडावला असेल तर दोन्ही बाजूंना हाडाच्या एकाच खुणेपासून ठरावीक अंतरावर टेप लावून घेर मोजा. नुसत्या नजरेवर विसंबू नका, कारण उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो.

मग एक पूर्ण मिनिट स्नायूंकडे नुसतं पाहत राहा. त्वचेखाली किडा वळवळल्यासारखी हालचाल दिसली तर ती फॅसिक्युलेशन. टिचक्या मारून ती उठवायची नसते, आणि खोली गार असेल तर कुडकुडणं आणि फॅसिक्युलेशन यांत गल्लत होते. वेस्टिंग नाही, पॉवर कमी नाही आणि नुसतं फडफडतंय, तर ते बहुधा निरुपद्रवी असतं.

काकांच्या उजव्या हातात कोपराखाली अंगठ्याच्या बाजूचा फुगीर स्नायू, ब्रॅकिओरेडिॲलिस, डाव्यापेक्षा सपाट दिसतो. पाय मात्र दोन्ही भरलेले आहेत. यूएमएनच्या आजारातही स्नायू वापराविना थोडे बारीक होतात, पण ते सरसकट आणि उशिरा. एकच स्नायू किंवा एकाच रूटचे स्नायू बारीक झालेले दिसले तर एलएमएनचा विचार आधी करा.

पायरी २: टोन

इथे निम्मे लोक चुकतात ते बोलण्यात. "हात सैल सोडा" म्हटलं की पेशंट हात आणखी ताठ धरतो किंवा आपल्याला मदत करायला लागतो. "काका, हात माझ्या हातात द्या, सगळं वजन माझ्यावर टाका" असं म्हणा, आणि शंभरपासून उलटे आकडे मोजायला लावा किंवा घरच्या गोष्टी विचारा. लक्ष दुसरीकडे गेलं की खरा टोन हाताला लागतो.

कोपर आधी सावकाश वाकवा-सरळ करा, मग एकदम झटक्याने. स्पॅस्टिसिटी वेगावर अवलंबून असते. सावकाश केलं तर काहीच अडत नाही, झटक्यात केलं की मध्येच अडतं आणि मग एकदम सुटतं. फक्त हळूहळू तपासणाऱ्याला ती कधीच सापडत नाही. पार्किन्सनची रिजिडिटी उलट कोणत्याही वेगाला सारखीच अडते. हलकी स्पॅस्टिसिटी पकडायची तर हस्तांदोलनासारखा हात धरून तळवा पालथ्याचा उताणा झटक्याने करा. मध्ये एक अडक जाणवते.

पायांसाठी काकांना पाठीवर झोपवा. मांडी दोन्ही हातांनी आधी डावी-उजवीकडे घोळवा, सैल पायाचं पाऊल मागोमाग डुलतं. मग गुडघ्याखाली हात घालून गुडघा अचानक वर उचला. टोन नॉर्मल असेल तर टाच गादीवरून घासत येते. टोन वाढलेला असेल तर अख्खा पाय काठीसारखा उचलला जातो आणि टाच गादी सोडते. काकांच्या दोन्ही टाचा गादी सोडतात. उजव्या कोपरात मात्र वाढलेला टोन नाही.

घोट्याचा क्लोनसही लगे हाथ पाहून घ्या: गुडघा थोडा वाकवलेला, पाऊल झटक्याने वर ढकलायचं आणि दाब धरून ठेवायचा. सोडून दिलं तर क्लोनस टिकत नाही. एक-दोन ठोके घाबरलेल्या निरोगी माणसातही येतात. पाचच्या पुढे गेले आणि थांबेनात, तर तो खरा. काकांमध्ये एकही येत नाही. हे नोंदवून ठेवा, पुढे कामाला येईल.

पायरी ३: पॉवर, आणि नेमके कोणते स्नायू

ग्रेडिंग शून्य ते पाच. तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल, पण आपण विरोध केला की हार. चार म्हणजे विरोध काही अंशी पेलतो, आणि हा चार फार ऐसपैस आहे; म्हणून उजवं-डावं एकामागोमाग तपासून फरक लिहा.

यूएमएनमध्ये सगळे स्नायू सारखे कमजोर होत नाहीत. हातात वाकवणारे स्नायू तग धरतात आणि पसरवणारे पडतात: खांदा बाजूला उचलणं, कोपर सरळ करणं, मनगट आणि बोटं उघडणं. पायात उलट, सरळ ठेवणारे तग धरतात आणि वाकवणारे पडतात: मांडी उचलणं, गुडघा वाकवणं, पाऊल वर खेचणं. लकवा झालेला माणूस हात छातीशी दुमडून, पाय काठीसारखा ठेवून अर्धवर्तुळात फिरवत चालतो, ते याच वाटणीमुळे.

आता घाईत काय होतं पाहा. "पाय सरळ करा", "पाऊल खाली दाबा" एवढंच करून घेतलं जातं. हे दोन्ही नेमके यूएमएनमध्ये शाबूत राहणारे स्नायू. फाइलवर दोन्ही पायांत ५/५ लिहिलं जातं आणि काका चप्पल घसरत घरी जातात. पायाचा यूएमएन शोधायचा तर सगळ्यात आधी मांडी उचलायला लावा, मग टाच कुल्ल्याकडे ओढायला, मग पाऊल वर खेचायला. पोटरीची ताकद हाताने तपासू नका. तिच्यापुढे आपला हात हरतोच आणि कमजोरी झाकली जाते. भिंतीला टेकून एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगा.

काकांच्या दोन्ही पायांत मांडी उचलणं ४, गुडघा वाकवणं ४, पाऊल वर खेचणं उजवीकडे ४ वजा, डावीकडे ४. गुडघा सरळ करणं ५, चवड्यावर उभं राहणं जमतं. शुद्ध यूएमएनची वाटणी. चप्पल का निसटते याचं निम्मं उत्तर इथे आहे, उरलेलं निम्मं पावलांच्या संवेदनेत.

उजव्या हातात कोपर वाकवणं ४ आणि मनगट वर उचलणं ४. कोपर वाकवणारा बायसेप्स यूएमएनमध्ये टिकायला हवा होता, तो इथे पडलाय. कोपर वाकवणं आणि मनगट वर उचलणं, दोन्हींच्या मागे सी-६ आहे. म्हणजे ही कमजोरी एका पातळीची, एलएमएनची. मूठ झपाझप उघड-मीट करायला लावून १० सेकंद मोजा. निरोगी माणूस २० किंवा जास्त वेळा करतो. काका १३ वर अडकतात, कारण बोटं उघडतानाच वेळ जातो.

पायरी ४: रिफ्लेक्स, सावकाश

क्वीन स्क्वेअर हॅमर, म्हणजे लांब दांड्याला चकती असलेला, घेतलात तर उत्तम. दांडा टोकाशी धरा आणि हॅमर त्याच्या वजनाने पडू द्या. मधोमध धरून ठोकणाऱ्याचा प्रत्येक फटका वेगळ्या जोराचा असतो, आणि मग उजव्या-डाव्याची तुलना हॅमरची होते, पेशंटची राहत नाही. स्नायू उघडा दिसला पाहिजे, कारण पाहायचंय ते आखडणं, सांध्याची हालचाल नंतर. नोंद अशी: ० म्हणजे नाही, १+ मंद, २+ नॉर्मल, ३+ जोरात, ४+ क्लोनससह. दोन्ही बाजूंना सारखा आलेला १+ किंवा ३+ एकट्याने काहीच सांगत नाही. फरक बोलतो: डावं-उजवं आणि वर-खाली.

बायसेप्ससाठी कोपर अर्धवट वाकवून हात पोटावर, आपला अंगठा टेंडनवर आणि हॅमर अंगठ्यावर. सी-५, सी-६. सुपिनेटर जर्कसाठी मनगटाच्या थोडं वर, रेडियसच्या खालच्या टोकाजवळ हॅमर. तोही सी-५, सी-६. ट्रायसेप्स कोपराच्या मागे, मुख्यतः सी-७. गुडघा एल-३, एल-४. घोटा एस-१.

जर्क आला नाही तर लगेच शून्य लिहू नका. पायांसाठी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून खेचायला सांगा, हातांसाठी दात आवळायला. हंगेरीच्या येंद्रासिकने १८८५ मध्ये सांगितलेली ही युक्ती. तिचा परिणाम जेमतेम काही सेकंद टिकतो, म्हणून "खेचा" म्हणायचं आणि त्याच क्षणी हॅमर सोडायचा. आधीपासून खेचून धरलेल्या माणसाला पाच सेकंदांनी ठोकून उपयोग नाही.

काकांच्या उजव्या हाताकडे आता नीट पाहा. बायसेप्स १+. मग सुपिनेटर: हॅमर पडतो, कोपर वाकत नाही, ब्रॅकिओरेडिॲलिस हलत नाही, पण बोटं मात्र झटकन तळहाताकडे मिटतात. नवखा "सुपिनेटर आला, जोरात आला" असं लिहून पुढे जातो, कारण त्याने मनगटाकडे पाहिलं, स्नायूकडे पाहिलं नाही. हा उलटा सुपिनेटर जर्क. मनगटाजवळच्या फटक्याने बोटं मिटणारे स्नायूही थोडे ताणले जातात. त्यांचा फेरा सी-८ चा. सी-६ चा फेरा तुटलाय म्हणून अपेक्षित स्नायू गप्प, आणि सी-८ दाबाच्या खाली असल्याने त्याचा लगाम सुटलाय म्हणून नको तो स्नायू उडतो. एकाच फटक्यात एलएमएन आणि यूएमएन दोन्ही दिसतात, आणि दाबाची पातळीही कळते.

पडताळा लगेच घ्या. ट्रायसेप्स ३+, म्हणजे सी-७ पासून खाली सगळं मोकाट. मधलं बोट धरून त्याचं नख खाली दाबून झटक्यात सोडा: अंगठा आणि तर्जनी मिटली तर हॉफमन पॉझिटिव्ह. काकांमध्ये दोन्ही हातांना आहे. पण एकटा हॉफमन काही निरोगी माणसांतही येतो, त्याच्यावर डायग्नोसिस उभं करू नका. दोन्ही गुडघे ३+.

आणि घोटे? दोन्ही शून्य. बोटं अडकवून खेचून पाहिलं, गुडघ्यावर उभं करून पावलं खुर्चीबाहेर लोंबती ठेवून पाहिलं, तरी शून्य.

पायरी ५: तळवा

१८९६ मध्ये बाबिन्स्कीने सांगितलेली ही खूण बहुतेक वेळा बिघडते ती घाईने. किल्लीचं बोथट टोक घ्या. टाचेच्या बाहेरच्या कडेपासून सुरुवात, करंगळीच्या मुळाकडे सावकाश, मग चवड्यावरून आत वळवत अंगठ्याच्या मुळाआधी थांबा. बोटांना स्पर्श नको. या सगळ्याला सुमारे पाच सेकंद लागू द्या. पाहायची ती अंगठ्याची पहिली हालचाल. तो आधी वर उचलला आणि बाकीची बोटं पंख्यासारखी फाकली तर एक्स्टेन्सर.

गुदगुल्या होऊन अख्खा पाय मागे ओढला गेला तर ते उत्तर मोजायचं नाही. आधी सांगून, दाब थोडा बदलून पुन्हा करा. तरी जमलं नाही तर घोट्याच्या बाहेरच्या हाडाखालून पावलाच्या कडेने ओढून पाहा, तिथे गुदगुल्या कमी होतात. आणि अंगठा वर उचलणारा स्नायूच मेलेला असेल तर प्लँटर कधीच वर येणार नाही, म्हणून पॉवर आधी तपासायची.

काकांचे दोन्ही प्लँटर वर.

जोडाजोड

उजव्या हातात सी-६ वर एलएमएन, ट्रायसेप्सपासून खाली दोन्ही बाजूंना यूएमएन. दाब मज्जारज्जूवर, सी-६ च्या आसपास. सी-५ आणि सी-६ मणक्यांमधली चकती आणि वाढलेली हाडं याचं वारंवार दिसणारं कारण. खात्रीसाठी हनुवटीवर बोट ठेवून जॉ जर्क घ्या. त्याचा फेरा मेंदूच्या बुंध्यात असतो. तो जोरात असता तर बिघाड मानेच्याही वर शोधावा लागला असता. काकांचा नॉर्मल आहे.

मग घोटे का नाहीत? प्लँटर वर असेल तर घोटाही उडायलाच हवा असं नवख्याला वाटतं. पण प्लँटरचा मार्ग वेगळा आणि घोट्याचा फेरा वेगळा. १२ वर्षांच्या मधुमेहाने पावलांचे संवेदी तंतू गेलेत, म्हणून घोट्याचा फेरा जाणाऱ्या बाजूने तुटलाय, आणि चवड्यावर उभं राहण्याची ताकद मात्र कायम आहे. क्लोनस का आला नाही तेही आता कळेल: क्लोनसला तोच फेरा लागतो. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर ठेवला तर कंप कळत नाही. चप्पल निसटल्याचं कळत नाही, ते यामुळे; मज्जारज्जूच्या मागच्या भागावरच्या दाबाचाही त्यात हात असू शकतो.

तरी वर गेलेला प्लँटर आणि गेलेला घोटा एकत्र दिसले की बी-१२ ची कमतरता तपासल्याशिवाय सोडायचं नाही. ती मज्जारज्जू आणि नर्व्ह दोन्ही एकदम खाते. काका शाकाहारी आहेत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनवर आहेत, दोन्हींनी बी-१२ उतरतं. पण बी-१२ कमी निघालं म्हणून उलट्या सुपिनेटरचं उत्तर मिळत नाही. एक कमतरता हाती लागली की शोध थांबवायचा मोह होतो, तो टाळा.

दुसरी शंका मोटर न्यूरॉन डिसीजची, कारण तिथेही हातात एलएमएन आणि पायात यूएमएन दिसतो. जीभ तोंडातच निवांत ठेवून तिच्यावर फॅसिक्युलेशन पाहा, बाहेर काढलेली जीभ सगळ्यांचीच थरथरते. काकांची जीभ शांत आहे, आणि उजव्या अंगठ्याच्या बाजूला टाचणी बोथट लागते. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये अशी ठरावीक पट्ट्यातली बधिरता अपेक्षित नसते.

आता त्या कमरेच्या फिल्मकडे या. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्याशी संपतो. त्याखाली फक्त रूट्स असतात, म्हणजे एलएमएन. एल-४ आणि एल-५ मधली चकती कितीही सरकली तरी ती गुडघा उडवू शकत नाही आणि प्लँटर वर नेऊ शकत नाही. फिल्म खोटी नाही. या वयात अशी चकती पुष्कळांना असते. तक्रार पायांची म्हणून फिल्म कमरेची, एवढाच हिशेब चुकला.

एक सावधगिरी दुसऱ्या टोकाची. अपघातात मज्जारज्जू अचानक तुटला किंवा लकवा नुकताच झाला, तर पहिले काही दिवस, मज्जारज्जूच्या इजेत कधी काही आठवडेही, यूएमएनचा बिघाड असून हातपाय लुळे आणि जर्क गायब असतात. जिन्यावरून पडून आलेल्या माणसाचे पाय मऊ लागले म्हणून मान सुरक्षित आहे असं समजू नका. टोन आणि जर्क नंतर वाढतात.

कागदावर काय लिहायचं

एमआरआयच्या फॉर्मवर "पाय दुखणे, तपासणी" लिहिलं तर पुन्हा कमरच निघेल. असं लिहा: "मानेच्या मणक्याचा एमआरआय. उजवीकडे उलटा सुपिनेटर, ट्रायसेप्स आणि गुडघे ३+, दोन्ही प्लँटर एक्स्टेन्सर, जॉ जर्क नॉर्मल. सी-५, सी-६ पातळीवर मज्जारज्जूवर दाब असल्याची शंका." काकांना लघवीला थांबून थांबून होतं का, चालणं गेल्या काही आठवड्यांत झपाट्याने बिघडलं का, हे विचारा. उत्तर हो असेल तर वाट न पाहता स्पाइन सर्जनकडे पाठवा. फिल्म येईपर्यंत मानेला झटके देणं, मालिशवाल्याकडून मान मोडून घेणं आणि ट्रॅक्शन, तिन्ही बंद.

ऑपरेशन झालं तरी जोरात असलेले जर्क आणि हॉफमन बऱ्याचदा तसेच राहतात. म्हणून पुढच्या भेटीत सुधारणा त्यांच्यावरून मोजू नका. १० सेकंदांतल्या मुठी पुन्हा मोजा, १३ च्या पुढे गेल्या का ते लिहा, आणि काकांच्या हातात सुई-दोरा देऊन पाहा.